ऑईल लेव्हलचा मेसेज परत परत येतोय आणि डिपस्टिकवर तर ऑईल बरोबर दिसतंय, मग खरं कोण?

हा प्रॉब्लेम हल्ली फार कानावर येतो. डिजिटल क्लस्टरवर पिवळ्या रंगात ऑईलच्या डब्याचं चिन्ह आणि "ऑईल लेव्हल चेक करा" असा मेसेज येतो, माणूस घाबरून गाडी बाजूला घेतो, बॉनेट उघडून डिपस्टिक काढतो तर ऑईल दोन खुणांच्या मध्ये दिसतं, बॉनेट लावून गाडी चालू केली की मेसेज गायब, आणि मग दोन-तीन दिवसांनी परत हजर. पुढे सर्विस सेंटरला गेलं की "सेन्सर बदलावा लागेल साहेब" हे ठरलेलं उत्तर मिळतं, आणि बऱ्याचदा सेन्सर ठणठणीत असतो, घोळ असतो तो डिपस्टिक बघण्याच्या पद्धतीत.

आधी एक गोष्ट वेगळी काढतो. लाल रंगाचा ऑईलचा दिवा म्हणजे ऑईल प्रेशर. तो गाडी चालताना लागला तर सुरक्षित जागा बघून लगेच थांबायचं, इंजिन बंद करायचं, आणि डिपस्टिकवर ऑईल दिसलं तरी परत चालू करायचं नाही, टो करून न्यायची. खालचं सगळं पिवळ्या मेसेजबद्दल आहे, म्हणजे लेव्हलबद्दल. आणि काही गाड्यांत ऑईल लाईफची टक्केवारी दिसते किंवा "ऑईल चेंज ड्यू" येतं, त्याचा लेव्हलशी काही संबंध नाही, ते किलोमीटर, दिवस आणि गाडी कशी चालवली यावरून काढलेलं सर्विसचं रिमाइंडर असतं. त्यावरून कोणी ऑईल ओतायला जाऊ नका.

आता मेसेज जातो आणि परत येतो हे का होतं ते बघू. स्कोडा, फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हे सरळ लिहिलेलं आहे, पण मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्येच पडलेलं असतं. बॉनेट तीसेक सेकंदांपेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं की गाडी असं धरून चालते की मालकाने ऑईल बघितलं असेल किंवा टाकलं असेल, आणि वॉर्निंग काढून टाकते. ऑईल टाकलंच नसेल तर साधारण १०० किलोमीटर चालल्यावर तोच मेसेज परत येतो. म्हणजे तुम्ही बॉनेट उघडून नुसतं बघून बंद केलं तरी मेसेज जाणारच. तो गेला म्हणून लेव्हल बरोबर आहे असं अजिबात नाही, आणि परत आला म्हणून सेन्सर गेला असंही नाही, तो आधीचीच गोष्ट पुन्हा सांगतोय एवढंच. शहरात रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हे १०० किलोमीटर चार-पाच दिवसांत भरतात, म्हणून "मधूनमधून येतो, वायरिंग लूज असेल" असं वाटतं. सगळ्या कंपन्यांचं गणित असंच नाही, पण बॉनेटच्या स्विचवरून रीसेट होणं हे लक्षात ठेवा, कारण तो स्विच खराब झाला तर याच्या उलट होतं, ऑईल टाकूनही मेसेज हलत नाही.

सेन्सर असतो तो ऑईल चेंबरच्या तळाला. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत अल्ट्रासॉनिक असतो, तो खालून वर आवाजाची लहर सोडतो, ती ऑईलच्या पृष्ठभागावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची काढतो, आणि गरम-थंड ऑईलमध्ये आवाजाचा वेग बदलतो म्हणून तापमानही तिथेच मोजतो. जुन्या प्रकारात एक तार गरम करून ती किती वेगाने थंड होते हे बघतात, जास्त बुडालेली तार लवकर थंड होते. गाडी चालताना ऑईल चेंबरमध्ये सारखं हिंदकळत असतं, शिवाय बरंचसं ऑईल वर हेडमध्ये, टर्बोत, पॅसेजमध्ये फिरत असतं, त्यामुळे एका क्षणाच्या रीडिंगला अर्थ नसतो. म्हणून कंट्रोल युनिट बराच वेळ रीडिंग घेत राहतं, आरपीएम आणि तापमान धरून हिशोब करतं आणि मग ठरवतं. एखाद्या वळणावर ऑईल एका बाजूला गेलं म्हणून लगेच मेसेज येत नाही. माझं मत विचाराल तर, हा पिवळा मेसेज आला की आधी तो खरा धरून चालायचं आणि डिपस्टिक नीट बघूनच खोटा ठरवायचा. लोक नेमकं उलट करतात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये घाईघाईत बघितलेल्या डिपस्टिकवरून सेन्सरला खोटं ठरवतात.

पार्किंगवरून आतेभावाची केस सांगतो, पुण्यात असतो, टर्बो पेट्रोल गाडी, आडवं बसवलेलं इंजिन. मेसेज कोल्हापूरला जाताना सातारच्या अलीकडे आला, घरी येऊन डिपस्टिक बघितली तर ऑईल बरोबर मध्यावर. मेसेज गेला, पुढच्या आठवड्यात परत आला. मला फोन, "दादा, पट्टीवर तर ऑईल आहे, मग हा काय बोंबलतोय?" मी म्हटलं गाडी कुठे लावून बघितलंस, तर म्हणे "आपल्या पार्किंगमध्येच, सपाटच आहे की." जाऊन बघितलं तर सपाट कसली, पोडियमची फरशी पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून नालीकडे उतरती केलेली, जी बहुतेक सोसायट्यांत असतेच, आणि डोळ्याला ती दिसत नाही कारण शेजारच्या सगळ्या गाड्या तशाच उभ्या असतात. मोबाईलमधलं लेव्हल ऍप उघडून फोन दोन चाकांच्या मधे फरशीवर आडवा ठेवला तर ३ अंश, डावीकडे उतार, आणि त्याच्या गाडीची डिपस्टिक त्याच बाजूला.

३ अंश म्हणजे किती, तर एका मीटरला साधारण ५ सेंटिमीटर. आता चेंबरच्या मध्यापासून डिपस्टिक १५ सेंटिमीटर बाजूला आहे असं धरा, तर त्या जागी ऑईलची पातळी जवळजवळ ८ मिलिमीटर वर चढलेली दिसणार. आणि मिनिमम-मॅक्सिमम खुणांमध्ये अंतरच असतं दीड-दोन सेंटिमीटर. म्हणजे नुसत्या उतारामुळे अर्ध्या पट्टीचा फरक! प्रत्यक्षात मिनिममला टेकलेलं ऑईल इथे मध्यावर दिसतं, नेमकं त्याला दिसत होतं तसंच. गाडी उलट तोंडाने लावली असती तर भरपूर ऑईल असतानाही मिनिममच्या खाली दिसलं असतं आणि त्याने विनाकारण अर्धा लिटर ओतलं असतं.

तिथेच एक युक्ती केली, ती कुठेही करता येते. गाडी ज्या जागी उभी होती तिथेच तोंड फिरवून उलटी लावली आणि परत रीडिंग घेतलं. आधी मध्यावर दिसलेलं ऑईल आता मिनिममच्या चांगलंच खाली. उतार दोन्ही वेळेला तेवढाच पण उलट दिशेने, त्यामुळे दोन रीडिंगच्या मधली जागा हीच खरी लेव्हल, आणि ती येत होती मिनिममला टेकून किंवा केसभर खाली. म्हणजे सेन्सर पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

आडव्या इंजिनच्या गाड्यांत, म्हणजे बहुतेक हॅचबॅक, सेडान आणि छोट्या एसयूव्हींमध्ये, डावा-उजवा उतार जास्त फसवतो. स्कॉर्पिओ, फॉर्च्युनरसारख्या उभ्या इंजिनच्या गाड्यांत पुढचा-मागचा उतार फसवतो, म्हणजे रॅम्पवर नाक वर करून उभी केलेली गाडी. एक चाक खड्ड्यात किंवा फुटपाथवर असलं तरी तेच. घाटात मेसेज आला म्हणून तिथेच उतारावर डिपस्टिक काढून काही निष्कर्ष काढू नका. ऑईल पट्टीला लागतंय का एवढं जरूर बघा, अजिबातच लागत नसेल तर गाडी हलवायची नाही, पण किती कमी आहे हे सपाटीला येऊनच ठरवायचं. पेट्रोल पंपाची जमीन बऱ्यापैकी सपाट असते पण तिथेही पाणी जायला थोडा उतार देतात, हवा भरायची जागा बहुतेकदा बरी पडते. फोन ठेवून दोन्ही दिशांनी बघा, अर्ध्या अंशाच्या आत असेल तर चालेल.

दुसरा घोळ तापमानाचा आणि वेळेचा. गरम झालं की ऑईल फुगतं, एका अंशाला साधारण ०.०७ टक्के. चेंबरमध्ये साडेचार लिटर ऑईल असेल तर २५ अंशांपासून ९० अंशांपर्यंत जाताना ते दोनशे मिलीच्या आसपास वाढतं. बऱ्याच गाड्यांत मिनिमम ते मॅक्सिमम एक लिटर असतं, म्हणजे पट्टीचा पाचवा भाग झाला. याच्या विरुद्ध बाजूला दुसरी गोष्ट, रात्रभर उभ्या गाडीत वरचं सगळं ऑईल खाली उतरलेलं असतं, तर आत्ताच बंद केलेल्या गाडीत बरंच ऑईल अजून वरच असतं. या दोन गोष्टी एकमेकींना खोडतात पण बरोबर सारख्या नाही, म्हणून थंडचं रीडिंग आणि गरमचं रीडिंग यांची तुलना करायची नाही. मॅन्युअल गरम सांगत असेल तर कायम गरमच बघा. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबा असं आहे, होंडा साधारण तीन मिनिटं म्हणते, काही कंपन्या थंड इंजिनवरच बघायला सांगतात, तुमच्या गाडीचं काय ते एकदा वाचून घ्या.

सगळ्यात वाईट रीडिंग कोणतं तर सकाळी गाडी चालू केली, पार्किंगमधून गेटपर्यंत आणली, बंद केली आणि लगेच डिपस्टिक काढली. ऑईल थंड आणि घट्ट, पंपाने वर चढवलेलं, खाली उतरायला वेळ लागणार, पट्टीवर कमीच दिसणार. यावर ऑईल ओतलं की संध्याकाळी तेच मॅक्सिममच्या वर गेलेलं असतं.

गरम म्हणजे काय तेही सांगतो, कारण टेम्परेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे झालं असं लोक धरतात. तो काटा कूलंटचा असतो. ऑईल त्याच्यामागून गरम होतं, गाडी नीट दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावरच ते खऱ्या अर्थाने तापतं, नुसती उभी ठेवून आयडलिंग करून नाही. तुमच्या क्लस्टरमध्ये ऑईल टेम्परेचर दिसत असेल तर ६० अंशांच्या वर गेलेलं बघा, स्कोडा-फोक्सवॅगन तेवढं तरी सांगतात.

मग पद्धत अशी. गाडी पंधराएक मिनिटं चालवून या, सपाट जागी लावा, हँडब्रेक, इंजिन बंद, पाच मिनिटं थांबा. डिपस्टिक काढा आणि पूर्ण पुसा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते बघायचंच नाही, ते नळीत उडालेल्या ऑईलने माखलेलं असतं. पुसून शेवटपर्यंत आत दाबा, वरची पिवळी किंवा नारिंगी कडी नीट टेकली पाहिजे, अर्धा सेंटिमीटर वर राहिली तरी रीडिंग गेलं. दोन-तीन सेकंदांनी सरळ बाहेर काढा आणि आडवी धरा, उभी धरली की ऑईल ओघळतं. आता दोन्ही बाजू बघा. बऱ्याचदा एका बाजूला ऑईल वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसतं, कारण पट्टी नळीला घासत बाहेर येते. जी बाजू खाली दाखवते तीच धरा, आणि तिथेही जिथपर्यंत सलग, पूर्ण रुंदीभर ओलं आहे तिथपर्यंत, वरचे फटकारे सोडून द्या. नुकतंच बदललेलं ऑईल इतकं स्वच्छ असतं की पट्टीवर दिसतच नाही, तेव्हा पट्टी पांढऱ्या कागदावर टेकवा, डाग कुठपर्यंत उमटतो ते कळतं. पुसून परत एकदा करा, दोन्ही वेळा सारखं आलं तरच विश्वास ठेवा.

आतेभावाच्या गाडीत हे सगळं रिकाम्या सपाट रस्त्यावर केलं तर मिनिममच्या किंचित खाली आलं. त्याच्या मॅन्युअलप्रमाणे दोन खुणांमध्ये एक लिटर. आधी अर्धा लिटर टाकलं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, नरसाळ्याने हळूहळू, पाच मिनिटं थांबलो, बघितलं तर मध्याच्या जरासं खाली. मग अजून पाव लिटर, आणि पावपट्टी जागा सोडून थांबलो. "फुल करून टाक की दादा" म्हणत होता, पण मॅक्सिममच्या वर जाण्यात काहीच फायदा नाही, क्रँकशाफ्ट ऑईलमध्ये आपटायला लागला की फेस होतो, फेसाळ ऑईलने प्रेशर नीट बनत नाही, आणि जास्तीचं ऑईल ब्रीदरमधून इनटेकमध्ये जाऊन जळतं आणि शेवटी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्रास. कमी असलेलं भरणं सोपं, जास्त झालेलं काढायला परत गॅरेज. टाकल्यावर मेसेज लगेच गेला नाही तरी घाबरू नका, वर सांगितल्याप्रमाणे गाडीला थोडं चालून हिशोब करू द्या.

मेसेज त्यानंतर आला नाही. पण ऑईल गेलं कुठे हा प्रश्न राहतोच ना. चेंबरखाली रात्रभर पुठ्ठा ठेवला, एक थेंब नाही. म्हणून ओडोमीटर लिहून ठेवला आणि हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, तशीच गरम गाडी, तेवढाच वेळ थांबून परत बघितलं, पट्टीचा तिसरा हिस्सा उतरलेला, म्हणजे साधारण तीनशे मिली. स्कोडा-फोक्सवॅगनच्या मॅन्युअलमध्ये १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत खप चालतो असं लिहिलेलं असतं, मला स्वतःला तो आकडा फार उदार वाटतो, पण त्याच्या आत असल्यावर वॉरंटीत कोणी हात लावणार नाही. टर्बो पेट्रोल, हायवेला जोरात चालवणं, यात एवढं जाऊ शकतं. आता एक लिटरचा कॅन डिकीत असतो आणि दर हजारला बघणं चालू आहे. हा खप अचानक दुप्पट झाला, सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला, तर तेव्हा टर्बो आणि रिंग तपासायची वेळ. आणि सर्विस सेंटरला जाताना ही नोंद दाखवा, नुसतं "मेसेज येतो" म्हटलं की सेन्सरचं कोटेशनच हातात पडतं.

सेन्सर खरंच कधी खराब असतो? सपाटीवर, गरम, दोनदा बघून लेव्हल वरच्या अर्ध्यात येतेय आणि तरी १००-१५० किलोमीटरला मेसेज येतोच, तेव्हा संशय घ्यायचा. बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा सिग्नलच गेला तर वेगळा मेसेज येतो, लेव्हलचा नाही, सेन्सर किंवा वर्कशॉप असा उल्लेख असलेला. तिथे आधी कनेक्टर बघायला सांगा. तो चेंबरच्या बुडाशी असतो, दगड लागतो, पाण्यातून गाडी गेली की पिनांना गंज चढतो, खालचं कव्हर काढून काम झालं असेल तर कधी नीट बसवलेलाच नसतो. स्कॅनरवर सेन्सरचं लाइव्ह रीडिंग बघता येतं, ते डिपस्टिकशी जुळवून बघितल्याशिवाय पार्ट बदलू देऊ नका, कारण बऱ्याच गाड्यांत तो बदलायचा म्हणजे सगळं ऑईल काढावं लागतं.

डिपस्टिकच नसलेल्या गाड्या, जशा बऱ्याच बीएमडब्ल्यू, त्यांना क्लस्टर किंवा स्क्रीनवरच माप घ्यावं लागतं, पण तिथेही अट तीच, सपाट जागा आणि गरम इंजिन, फक्त फरक असा की तपशिलात माप घेताना इंजिन आयडलवर चालू ठेवायचं आणि मिनिटभर थांबायचं.

राहिले डिझेलवाले. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाडीत मेसेज लेव्हल जास्त असल्याचा आला किंवा पट्टीवर ऑईल मागच्या वेळेपेक्षा वर दिसलं, तर "चला, ऑईल खात नाही" म्हणून खूश होऊ नका. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्यात साठलेली काजळी जाळायला बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडतात, त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये उतरतं. हायवेला हे काजळी जाळणं, म्हणजे रीजनरेशन, पूर्ण होतं आणि गरम ऑईलमधून ते बऱ्यापैकी उडून जातं, पण रोज पाच-सात किलोमीटर ऑफिस आणि दर वेळी मधेच इंजिन बंद, असं चाललं की रीजनरेशन अर्धवट राहतं, परत सुरू होतं, आणि प्रत्येक वेळी थोडं डिझेल ऑईलमध्ये. पट्टी नाकाजवळ नेली तर डिझेलचा वास येतो, बोटांवर ऑईल पातळ लागतं. सर्विसला ज्यांनी भरलं त्यांनीच जास्त भरलं असण्याचीही शक्यता असते, ते ओळखायला सोपं, सर्विसनंतर लगेच बघितलं तर तेव्हाही वरच असतं, पुढे वाढत जात नाही. डिझेल मिसळलेलं असेल तर नुसतं जास्तीचं काढून उपयोग नाही, पातळ झालेलं ऑईल बेअरिंगला पुरत नाही, आणि फारच वर गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑईल इनटेकमधून ओढून जाळायला लागतं, ते चावी फिरवूनही बंद होत नाही. मॅक्सिममच्या वर स्पष्ट दिसलं की गाडी न दामटता ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदलून घ्या, रीजनरेशन का पूर्ण होत नाहीये ते स्कॅनरवर बघायला लावा, आणि रीजनरेशन चालू आहे असं वाटलं, म्हणजे आयडल आरपीएम वाढलेला, उभ्या गाडीचा पंखा जोरात, ऍव्हरेज अचानक पडलेलं, तर घराच्या गेटवर इंजिन बंद करण्याऐवजी सरळ अजून पंधरा-वीस मिनिटांची चक्कर मारून या.